चौकटीतला नंबर फ्रॉडवाल्याचा कसा निघतो

प्रश्न: कस्टमर केअरचा नंबर सर्च करताना गूगल स्वतःच सजेशन देतं, वर चौकटीत नंबर पण दाखवतं. मग तो फ्रॉडवाल्याचा कसा काय निघतो?

उत्तर: सोलापुरात नवी पेठेत माझं मोबाईलचं दुकान आहे, फसलेली माणसं फोन घेऊन आधी आमच्याकडंच येतात, म्हणून एक केस नीट सांगतो.

चादरीचा धंदा असलेल्या एकाचं पार्सल अडकलं होतं. त्यांनी कुरियर कंपनीचं नाव टाईप केलं, खाली सजेशन आलं 'कस्टमर केअर नंबर सोलापूर', त्यांनी ते दाबलं. खरी गडबड इथंच झाली बघा. सजेशन म्हणजे लोक काय काय शोधतात त्याचा अंदाज, त्या शब्दांचं खरं उत्तर कुठं आहे का हे ते बघत नाही. त्यात फ्रॉडवाले तेच शब्द मुद्दाम पुन्हा पुन्हा सर्च करवून सजेशन वर आणायचा पण प्रयत्न करतात. आता त्या कंपनीचा सोलापूरसाठी वेगळा नंबरच नव्हता, अख्ख्या देशाला एकच टोल फ्री, त्यामुळं कंपनीच्या साईटवर 'सोलापूर' असलेलं पान नव्हतं. फ्रॉडवाल्याकडं मात्र होतं, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदलून सांगली, लातूर, सोलापूर अशी पानंच्या पानं काढलेली.

चौकट भरणारं मशीन प्रश्नातल्या शब्दांशी जुळणारं सुटसुटीत वाक्य शोधतं आणि उचलून वर ठेवतं. नंबर लावून कुणी बघत नाही. रोमन लोक रात्री वेळ कशी बघायचे या प्रश्नाला याच चौकटीत 'सूर्यघड्याळ' असं उत्तर यायचं, हे गूगलनं २०१८ मध्ये स्वतःच सांगितलंय. शब्द जुळले, पण रात्री सूर्य कुठला?

त्यांनी चौकटीतला तो नंबर लावला, तर पलीकडचा माणूस गोड बोलून म्हणाला, ॲड्रेस अपडेट करायला ५ रुपये भरा, आणि व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली. ती एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट ॲप टाकायची फाईल, इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परमिशन मागितली, ह्यांनी दिली, मग ओटीपी थेट तिकडं जायला लागले आणि खातं साफ झालं. पाच रुपयांसाठी कोण कशाला संशय घेईल सांगा, म्हणूनच रक्कम एवढी छोटी ठेवतात.

चौकट दिसली की नंबरच्या आधी खालचा साईटचा पत्ता वाचा. पान उघडून बघा, एकाच पानावर बँक, कुरियर, गॅस सगळ्यांचे नंबर असतील किंवा मोठ्या कंपनीचा नंबर साधा दहा आकडी मोबाईल असेल तर लावू नका. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, ते फ्रॉड साईटलाही मिळतं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागं असतो, आणि रिझर्व्ह बँकेनं आता बँकांच्या साईटना .bank.in हा पत्ता सक्तीचा केलाय, तो फक्त बँकांनाच मिळतो. कुरियरचा नंबर पावतीवर किंवा त्यांच्या ॲपमध्ये बघा.

पैसे गेलेच असतील तर पहिलं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० या सरकारी सायबर फ्रॉड हेल्पलाईनला लावा आणि बँकेला खातं गोठवायला सांगा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर अडवता येतात.