अडखळणाऱ्या वक्त्यासाठी लिहिताना

प्रिय मित्रा,

मॅडमच्या भाषणाचा तुझा मसुदा वाचला. मॅडम 'क' आणि 'प'वर अडतात हे लक्षात आल्यावर तू त्या अक्षरांचे सगळे शब्द वेचून काढलेस. 'कार्यकर्ते' जाऊन 'सहकारी' आले, 'परिश्रम' जाऊन 'मेहनत' आली. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण 'आम्ही कमी पडलो' हे वाक्य काढून तिथे तू 'अपेक्षित यश हाती आलं नाही' असं लिहिलंस, आणि मॅडम म्हणाल्या, "हे माझं बोलणं नाही." आता बोलणं सोपं करायचं की त्यांचं राखायचं, असा तुझा गोंधळ झालाय.

गोंधळायचं कारण नाही. शब्द वाचव, वाक्य हलव. बोलणारा जास्त करून वाक्याच्या सुरुवातीला अडतो, किंवा थांबून पुन्हा सुरू करताना. लांबलचक, जोडाक्षराने सुरू होणारा शब्द तिथे आला की आणखी. 'आम्ही कमी पडलो' या वाक्यात 'क' आणि 'प' दोन्ही आहेत, पण मधे आहेत, आणि शब्द छोटे आहेत. या वाक्यावर मॅडम अडल्या होत्या का, हे तू विचारलंच नाहीस. अक्षर दिसलं आणि खोडलंस. याचा मला राग येतो, कारण त्या भाषणातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

आपल्या भाषेत वाक्य हलवायला भरपूर जागा आहे. तुझ्याच मसुद्यातलं घेऊ: 'कर्मचाऱ्यांनी कठीण परिस्थितीत प्रकल्प पूर्ण केला.' सुरुवातच 'क'ने, आणि पुढे श्वास घ्यायलाही जागा नाही. तू त्याचं 'सेवकवर्गाने अवघड स्थितीत योजना तडीस नेली' असं केलंस. असं कोण बोलतं? त्याऐवजी हे बघ: 'वर्ष अवघड होतं. तरी आपल्या कर्मचाऱ्यांनी प्रकल्प पूर्ण केला.' 'कर्मचारी' राहिले, 'प्रकल्प' राहिला. वाक्यं दोन झाली, दोन्हींची सुरुवात बदलली, आणि 'क'च्या आधी 'तरी आपल्या' एवढी धाव मिळाली. 'प्रकल्प' अजूनही अडतोय असं त्या म्हणाल्या, तर फक्त तोच बदल.

ही धाव दोन-तीन शब्दांचीच ठेव. लांब ठेवलीस तर अवघड शब्द दुरून दिसत राहतो आणि त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर धास्ती वाढते. शिवाय धावेचे शब्द अर्थाचे हवेत: 'यंदा', 'आपल्या', 'या वर्षी'. 'म्हणजे', 'तर', 'असं आहे की' असले टेकू लिहून देऊ नकोस. त्यांची सवय लागते, आणि काही दिवसांनी त्या टेकूवरच अडायला होतं.

आता सोप्या अक्षरांची यादी. ती तुझी नाही, मॅडमची आहे. 'म', 'न', 'स', 'ल', 'व' यांचा आवाज हळूहळू सुरू करता येतो, म्हणून पुष्कळांना ते सोपे जातात. 'क', 'प', 'ट', 'ब'ना आधी हवा पूर्ण अडवावी लागते, म्हणून तिथे कोंडी होते. पण हा नियम नव्हे. कुणी 'स'वरच ताणत राहतो, कुणाचा गळा 'अ' आणि 'आ'वर बंद होतो. त्यामुळे त्यांना एखादा जुना, न पाठ झालेला मजकूर तुझ्यासमोर वाचायला सांग आणि खुणा त्यांनाच करू दे: एक खूण अडलेल्या शब्दाला, दुसरी भीती वाटलेल्या पण निभावलेल्या शब्दाला. दुसरी खूण तुला ऐकून कधीच कळणार नाही. पहिल्याच वाचनाच्या खुणा धर, कारण तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचला की अडणं कमी होतं. आणि खोलीत एकट्याने वाचून घेऊ नकोस. एकटं असताना अनेक जण सरळ वाचतात, आणि यादी खोटी निघते.

शब्द बदलावाच लागला तर लिंगाकडे बघ. इथे नवखे हमखास फसतात. 'प्रश्न सुटला' मधला 'प्रश्न' ऐन वेळी टाळून 'समस्या' म्हटलं की पुढे 'सुटली' म्हणावं लागतं. अडलेल्या क्षणी क्रियापद दुरुस्त करायला लावणं म्हणजे दुसरा खड्डा खणणं. म्हणून पर्याय त्याच लिंगाचा, त्याच वचनाचा दे: 'कार्यक्रम'ला 'सोहळा', 'परिषद'ला 'सभा'. तसा सापडला नाही तर क्रियापद मोकळं कर: 'या प्रश्नाला सामोरं जावं लागलं'. इथे 'समस्येला' म्हटलं तरी पुढचं काहीच बदलत नाही. असा पर्याय पूर्ण भाषणात पाच-सहा जागीच ठेव आणि तोही पानाच्या कडेच्या समासात लिही. ओळीतच तिरकी रेघ मारून दोन शब्द दिलेस तर डोळा तिथे थबकतो, आणि डोळ्यामागून जीभही.

आकड्यांकडे तू लक्षच दिलेलं नाहीस. 'पन्नास टक्के' ऐवजी 'निम्मे', 'पंचवीस टक्के' ऐवजी 'चारांत एक'. श्रोत्यालाही हे जास्त कळतं. मात्र नेमका आकडा आवश्यक असेल तिथे तोच ठेव आणि वाक्य हलव.

माणसांची आणि संस्थांची नावं बदलत नाहीत. पाहुण्यांचं नाव 'प'ने सुरू होत असेल तर 'आज आपल्यासोबत आहेत' असं म्हणून लगेच नाव. पदव्या आणि विशेषणांची रांग आधी लावू नकोस, ती नंतर स्वतंत्र वाक्यात दे. नावावर त्या अडल्या तर अडू देत. कुणी तरी पुढून तो शब्द पुरवणार असेल त्याला आधीच थांबव. अडखळण्याचा मागमूसही राहू नये असं भाषण लिहिणं तुझं काम नाही. त्यांना म्हणायचंय ते म्हणता यावं एवढंच काम आहे.

माझ्या या हट्टाला पुष्कळ लोक अतिरेक म्हणतात. सरळ सगळे 'क' उडवून टाका, प्रश्न मिटला, म्हणतात. मिटत नाही. टाळलेला शब्द दर वेळी आणखी भीतीदायक होतो, आणि बोलणारा स्वतःच्याच भाषेतून हळूहळू हद्दपार होतो. मॅडम वाक्-उपचारतज्ज्ञाकडे जात असतील तर तिथे काय चाललंय ते त्यांना विचार. काही उपचारांत अवघड शब्द न टाळता म्हणण्याचाच सराव करून घेतात. तसं असेल तर तुझी सगळी अदलाबदल त्या सरावाच्या विरोधात जाईल. मग पर्याय काढून टाक आणि फक्त श्वासाच्या जागा नीट दे.

मांडणीचं थोडक्यात. एका ओळीत एकच अर्थपूर्ण तुकडा, अक्षर मोठं, विराम घ्यायच्या जागी उभी रेघ. विशेषण एका ओळीत आणि नाम पुढच्या ओळीत असं तोडू नकोस. दहा मिनिटं मिळाली असतील तर सात मिनिटांचंच लिही. घड्याळाची घाई अडखळणं वाढवते, आणि तू जास्त लिहिलंस तर ती घाई तूच आणलेली असेल.

आता आधी 'आम्ही कमी पडलो' परत घाल. मग पहिलं पान मोठ्या अक्षरात छापून मॅडमना दे आणि त्यांच्या खुणा आल्यावरच दुसऱ्या पानाला हात लाव. शेवटचा मसुदा निदान चार दिवस आधी त्यांच्या हातात पडू दे, रोज मोठ्याने वाचता येईल असा. त्यानंतर तुला कितीही सुंदर शब्द सुचला तरी मजकुरात काही बदलू नकोस.