भीती वाटते म्हणजे तयारी नाही, असे नव्हे

“माझे पती जाऊन पाच वर्षे झाली. आता एक चांगले स्थळ आले आहे, मनही त्यांच्याकडे ओढले जाते, पण होकार द्यायची वेळ आली की छातीत धडधडते. मी दुसऱ्या लग्नाला तयार आहे का, हे कार्डांत बघून सांगाल का?”

घटस्फोटानंतर किंवा जोडीदाराच्या मृत्यूनंतर पुन्हा संसाराचा विचार करणारी माणसे हा प्रश्न माझ्यासमोर सतत ठेवतात, म्हणून त्यांपैकी एका बाईंची हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे मांडते. त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितले की टॅरोची, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांची, मांडणी ‘लग्न टिकेल का’ याचे उत्तर देत नाही आणि कार्डे वाचणारी जी असे उत्तर देते ती तुमच्या भीतीवर आपला अंदाज लादत असते. माझ्या मते कार्डावरचे चित्र माणसाला आपल्याच मनाबद्दल नेमके बोलायला लावते आणि त्या बोलण्यातून तयारी दिसते. म्हणून अशा प्रश्नासाठी मी मांडणीत एकेका कार्डाच्या चारच जागा ठेवते: आज मी कोठे उभी आहे, मागच्या संसारातून माझ्याबरोबर काय येते आहे, जुनी भीती कोणती आणि पुढचे एक पाऊल कोणते. समोरच्या व्यक्तीच्या मनात काय आहे, याची जागा मी मुद्दाम ठेवत नाही, कारण ते त्यालाच विचारायचे असते.

बाईंनी पत्ते पिसले आणि पहिल्या जागी क्वीन ऑफ सोर्ड्स, म्हणजे तलवारीची राणी, आली. ती पाहताच त्यांचा चेहरा उतरला. “हे विधवेचे कार्ड आहे ना? मी वाचले आहे. म्हणजे माझ्या नशिबात हेच.” त्यांनी वाचले होते ते खोटे नव्हते. 1909 साली प्रसिद्ध झालेला, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला जो संच आज सर्वांत जास्त वापरला जातो, त्याचे अर्थ लिहिताना आर्थर एडवर्ड वेट यांनी या राणीपुढे वैधव्य, शोक, विरह असे शब्द दिले आहेत. नवख्या वाचकाची गफलत येथेच होते. तो शब्द वाचून थांबतो आणि चित्र बघायचे राहून जाते. शिवाय ही जागा ‘आज’ची होती. त्या विधवा आहेत हे सत्य कार्डाने फक्त समोर ठेवले होते, पुढचे काहीही ठरवले नव्हते.

मी कार्ड त्यांच्या हातात दिले आणि म्हटले, “अर्थ विसरा. ही बाई काय करते आहे, ते मला सांगा.”

“बसली आहे. उजव्या हातात तलवार आहे, अगदी सरळ.”

“आणि डावा हात?”

त्या बराच वेळ बघत राहिल्या. राणीचा डावा हात पुढे उचललेला आहे, जणू समोरच्याला ‘या, जवळ या’ म्हणतो आहे. ढग खाली, तिच्या मागे आहेत आणि डोक्यावरचे आकाश मोकळे आहे. “ती कोणाला तरी बोलावते आहे,” बाई हळूच म्हणाल्या, “पण तलवार काही खाली ठेवलेली नाही.” मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या, “मला वाटत होते की भीती पूर्ण गेली की मगच हो म्हणायचे.”

एवढ्या वर्षांच्या कामात मला हाती लागलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. भीती उरली आहे की नाही, याला मी फारसे महत्त्व देत नाही. ती हातात असतानाही दुसरा हात पुढे करता येतो का, हे मी पाहते. भीती संपण्याची वाट पाहणारी माणसे वर्षानुवर्षे वाटच पाहत राहतात. उलट काही जण भीती नाहीच असे दाखवत घाईने लग्न करतात आणि मग ती संसारात नको त्या वेळी डोके वर काढते.

दुसऱ्या जागी सिक्स ऑफ कप्स आले. जुन्या अंगणात एक मुलगा फुलांनी भरलेला पेला मुलीला देतो आहे, असे ते चित्र. त्यावर आम्ही थोडक्यातच बोललो. पहिल्या संसारातल्या चांगल्या आठवणी आणि त्यांच्या मुलीचे वडिलांवरचे प्रेम हेही बरोबर येणारच होते.

तिसऱ्या, भीतीच्या जागी नाइन ऑफ सोर्ड्स होते. रात्री अंथरुणात उठून बसलेली, चेहरा ओंजळीत लपवलेली व्यक्ती आणि मागे काळोखात नऊ तलवारी. या जागी मी एकच काम करायला लावते. भीती एका वाक्यात सांगायची आणि त्या वाक्यातली घटना कोणाच्या बाबतीत, कधी घडली, ते पाहायचे. बाई म्हणाल्या, “त्यांचा फोन लागला नाही की मला वाटते, आता दवाखान्यातून फोन येणार.” ही घटना त्यांच्या पहिल्या पतीची होती. या गृहस्थांच्या बाबतीत असे काहीच घडलेले नव्हते. चित्रातल्या तलवारीही त्या व्यक्तीच्या अंगाला लागलेल्या नाहीत, हे त्यांनी स्वतःच दाखवले.

मात्र हेच कार्ड, याच जागी, दुसऱ्या एका घटस्फोटित बाईंना आले होते, तेव्हा माझे वाचन अगदी वेगळे होते. त्यांचे वाक्य होते, “कर्जाबद्दल विचारले की ते विषय बदलतात.” येथे घटना होणाऱ्या नवऱ्याची होती आणि ताजी होती. अशा वाक्याला जुनी भीती म्हणून समजूत घालणे म्हणजे त्या बाईंना खड्ड्यात ढकलणे. त्यांना मी कार्डे बाजूला ठेवून कर्जाची कागदपत्रे मागायला सांगितले. घटना जुनी की नवी, एवढे पाहिले तरी या कार्डावरचे अर्धे गोंधळ मिटतात.

चौथ्या जागी टेम्परन्स, म्हणजे संयमाचे कार्ड, आले. देवदूताचा एक पाय पाण्यात, एक जमिनीवर आणि दोन पेल्यांमध्ये पाण्याची सावकाश ये-जा. घाई नको, पण थांबूही नका, असे मी ते वाचले. पाऊल मात्र आम्ही व्यवहारातले ठरवले. फोन न लागल्यावर काय होते, ते त्या गृहस्थांना एकदा स्पष्ट सांगायचे. पहिल्या पतीचा फोटो घरात कोठे राहील, मुलगी त्यांना काय हाक मारेल आणि तिच्या नावावरच्या ठेवींना कोणी हात लावायचा नाही, हेही लग्नाच्या तारखेआधी बोलून घ्यायचे.

आठवड्याभरात त्यांचा निरोप आला, “पुन्हा एकदा कार्डे काढूया का?” मी नकार दिला. ठरलेले पाऊल न उचलता तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, तेव्हा तो भीती विचारत असते आणि तिला कोणतेच कार्ड पुरत नाही. अशा वेळी झोप उडाली असेल, रोजची कामे होत नसतील, तर मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. शोकाचा उपचार मांडणीने होत नाही.

त्या बाईंवर ती वेळ आली नाही. त्यांनी ते बोलणे केले आणि त्या गृहस्थांनीही सांगितले की फोटोचा विषय कसा काढावा, याचीच त्यांना धास्ती होती. त्यानंतर आम्ही फक्त भीतीच्या जागेसाठी एक कार्ड काढले. लग्नाची तारीख त्यांनी अजून धरलेली नाही. मुलीची परीक्षा झाल्यावर तिच्याशी बोलून ती ठरवायची, असे दोघांचे म्हणणे आहे.