स्वल्पविराम कुठवर ओढायचा?

प्रश्न : घाईत क्लायंटला ही ई-मेल पाठवली: ‘पुस्तिकेचा नमुना सोबत जोडला आहे, शुक्रवारी छपाई सुरू करतो, तुमची मान्यता मिळाली तर, सोमवारी प्रती पाठवू, मुखपृष्ठाचा रंग बदलला आहे कळवा.’ स्वल्पविरामांनी वाक्यं जोडली म्हणून साहेब चिडले. मराठीत ही खरंच चूक आहे का?

उत्तर : सरसकट चूक नाही. ‘नमुना पाहिला, तपासला, पुढे पाठवला’ हे वाक्य कुणालाही खटकणार नाही. कर्ता एकच आहे आणि क्रिया ओळीने घडताहेत. शिवाय मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे विरामचिन्ह चुकलं तरी ‘जोडला आहे’पाशी वाचणारा आपसूक थांबतो. तुमचं पहिलं वाक्य त्यामुळेच तरून गेलं.

घोळ होतो तो क्रियापदानंतर काही सुचलं आणि ते तसंच मागे चिकटवलं की. बोलताना आपण हे सर्रास करतो, ‘येतो मी, पाऊस थांबला तर’. तिथे आवाजावरून कळतं. तुमच्या मेलमध्ये मात्र ‘तुमची मान्यता मिळाली तर’ दोन स्वल्पविरामांच्या मधे लोंबकळतंय. ही अट छपाईची की प्रती पाठवण्याची? मागच्या वाक्याला जोडली, तर मान्यतेशिवाय छपाई होणार नाही. पुढच्याला जोडली, तर छपाई शुक्रवारी होणारच, फक्त प्रती अडतील. क्लायंटने पहिला अर्थ घेतला, तुम्ही दुसरा धरून छपाई केली आणि त्यांनी शनिवारी दुरुस्त्या पाठवल्या, तर छापलेल्या प्रतींचा खर्च कुणाचा? साहेबांचा राग व्याकरणापेक्षा यावर असावा.

शेवटचा तुकडा तर स्वल्पविरामाशिवायच पळालाय. ‘रंग बदलला आहे कळवा’ म्हणजे नेमकं काय कळवायचं? रंग तुम्ही बदललात आणि पसंती विचारताय, की त्यांनी बदललाय का हे विचारताय? इथे नुसता पूर्णविराम देऊन भागणार नाही, ‘कळवा’चं कर्मच लिहायचं राहिलंय.

पुष्कळ जण अशा वेळी ‘-ऊन’चा आधार घेतात. ‘नमुना पाहून मान्यता कळवा’ हे चोख आहे, कारण पाहणारे आणि कळवणारे तेच. पण ‘नमुना जोडून तुम्ही मान्यता कळवा’ लिहिलंत, तर नमुनाही क्लायंटनेच जोडायचा असा अर्थ होतो. कर्ता बदलला की सरळ पूर्णविराम द्यावा. अर्धविरामही चालेल, पण तो हल्ली फारसं कुणी वापरत नाही. (मला आवडतो, ते सोडा.)

मी असं लिहिलं असतं:

‘पुस्तिकेचा नमुना सोबत जोडला आहे. गुरुवारपर्यंत तुमची मान्यता मिळाली, तर शुक्रवारी छपाई सुरू करू आणि सोमवारी प्रती पाठवू. मुखपृष्ठाचा रंग आम्ही बदलला आहे. तो चालेल का, ते कळवा.’

‘गुरुवारपर्यंत’ हा शब्द माझ्या पदरचा. अट वाक्याच्या सुरुवातीला आणली आणि तिला मुदत नाही हे लगेच दिसलं.