बायनरी सर्च ट्री: प्रत्येक जोडी बरोबर, तरी इनऑर्डर चुकतो तेव्हा

प्रश्न: ४२, २५, ६०, ३३, १८, ५१, ३९, ४७, ५५ हे आकडे याच क्रमाने बायनरी सर्च ट्रीमध्ये घालायचे आहेत. मी ४७ हा ३९ च्या उजवीकडे जोडलाय. सगळीकडे डावीकडे लहान, उजवीकडे मोठा असंच आहे, तरी इनऑर्डर १८, २५, ३३, ३९, ४७, ४२, ५१, ५५, ६० येतो. चूक कुठे झाली?

उत्तर:

चूक एकट्या ४७ ची आहे. तो ५१ च्या डावीकडे जायला हवा. बाकीचे आठही आकडे तुम्ही बरोबर जागी बसवलेत.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत डिप्लोमाच्या मुलांची शिकवणी घेतो आणि नेमकी हीच चूक दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत सापडते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. ३९ लिहून झाला, पेन्सिल अजून तिथंच आहे, पुढचा आकडा ४७. तो ३९ पेक्षा मोठा, म्हणून लगेच उजवीकडे फांदी काढून मोकळे. पण नवा आकडा कुठलाही असो, त्याला पुन्हा रूटपासूनच निघावं लागतं. ४७ ची गाठ आधी ४२ शी पडते. ४२ पेक्षा मोठा, म्हणून उजवीकडे. तिथं ६० भेटतो, त्याच्यापेक्षा लहान, म्हणून डावीकडे. तिथं ५१, त्याच्यापेक्षाही लहान, म्हणून पुन्हा डावीकडे. ती जागा रिकामी आहे, तिथं बसला. ३९ शी त्याची तुलनाच होत नाही.

‘डावीकडे लहान, उजवीकडे मोठा’ हा नियम फक्त वरच्या आणि खालच्या जोडीपुरता नाही. ४२ च्या डाव्या अंगाला जे काही लोंबकळतंय, ते सगळंच्या सगळं ४२ पेक्षा लहान पाहिजे, मग ते कितीही खाली असो. ३९ पर्यंत यायची वाट बघा: ४२ च्या डावीकडे, २५ च्या उजवीकडे, ३३ च्या उजवीकडे. म्हणजे ३९ च्या उजवीकडच्या रिकाम्या जागेत ३९ पेक्षा मोठा आणि ४२ पेक्षा लहान आकडाच मावतो. पूर्णांकांत बोलायचं तर फक्त ४० आणि ४१.

बरोबर आकृती अशी:

```
      __________42______________
     /                          \
    25                    ______60
  /    \                 /
18      33              51
           \          /    \
            39      47      55
----------------------------------
18  25  33  39  42  47  51  55  60
```

खालची ओळ मुद्दाम दिली आहे. आमच्याकडं एक मुलगी होती, तिचे वडील गवंडीकाम करायचे. तिला फळ्यावर हे झाड काढून दिलं, तर ती म्हणाली, “सर, प्रत्येक आकड्यावरनं ओळंबा सोडला की खाली इनऑर्डरच पडतोय.” अगदी खरं आहे. इनऑर्डर म्हणजे आधी डावं अंग, मग स्वतः, मग उजवं अंग. आकृतीत प्रत्येकाचं डावं अंग त्याच्या डाव्या हाताला आणि उजवं अंग उजव्या हाताला राहिलं, तर ओळंबे डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने जमिनीला टेकतात. तेव्हापासून मी सगळ्यांना ओळंब्यानेच तपासायला सांगतो.

एक काळजी घ्यावी लागते. वहीत जागा कमी पडली की ३९ सरकत सरकत ४२ च्या पलीकडे जातो. झाड बरोबर असतं, पण ओळंबा चुकीचं सांगतो. म्हणून आधी पानाच्या तळाला सगळे आकडे चढत्या क्रमाने सारख्या अंतरावर लिहून घ्या आणि मग प्रत्येक नोड आपापल्या आकड्याच्या बरोबर वर काढा. फांद्या एकमेकींत घुसत नाहीत, आणि चुकीच्या अंगाला जोडलेला आकडा लगेच डोळ्यावर येतो. तुमचा ४७ घ्या. तळाला तो ४२ च्या उजवीकडे आहे, त्यामुळे ३९ पासून त्याच्याकडे रेघ काढायची तर ती ४२ च्या ओळंब्याला आडवी कापून जावी लागते. रेघ अशी दुसऱ्याच्या ओळंब्यावरून गेली की तिथंच थांबायचं.

या तळाच्या ओळीचा आणखी एक उपयोग आहे, आणि मला तो सगळ्यात आवडतो. ४७ घालायच्या आधी ओळीत १८, २५, ३३, ३९, ४२, ५१, ६० एवढेच होते. ४७ ची फट ४२ आणि ५१ च्या मध्ये. या दोन शेजाऱ्यांपैकी जो झाडात नंतर आला, त्याच्याच खाली नवा आकडा बसतो. ४२ पहिला आला होता, ५१ सहावा, म्हणून ४७ हा ५१ च्या खाली, डावीकडे. ५५ चे शेजारी ५१ आणि ६०. त्यात ५१ नंतरचा, म्हणून ५५ त्याच्या उजवीकडे. असं होण्याचं कारण सरळ आहे: चढत्या क्रमातल्या लगतच्या दोन आकड्यांपैकी नंतर आलेला नेहमी पहिल्याच्या खाली कुठंतरी असतो, आणि त्या फटीची एकमेव रिकामी जागा त्याच्याजवळ असते. कुठलाही आकडा दोनदा आलेला नसेल, तर हे कायम चालतं.

आता एक गोष्ट, जिथं गुण हमखास जातात. इनऑर्डर चढत्या क्रमाने आला म्हणजे आकृती बरोबर आली, असं समजू नका. तो चढता आला नाही तर चूक नक्की आहे, पण चढता आला तरी झाड दुसऱ्याच आकाराचं असू शकतं. समजा, कुणी ४२ च्या उजवीकडे आधी ५१ लावला, ५१ च्या डावीकडे ४७, उजवीकडे ६०, आणि ६० च्या डावीकडे ५५. ओळंबे सोडून बघा, ४२, ४७, ५१, ५५, ६० असाच क्रम पडतो. तरी ती तुमच्या प्रश्नाची आकृती नाही, कारण ६० हा ५१ च्या कितीतरी आधी आलाय. तो येताना ४२ च्या उजवीकडची जागा रिकामी होती, म्हणून त्याला तिथंच बसावं लागलं.

यावर उपाय म्हणून प्रत्येक नोडशेजारी तो कितवा आला ते बारीक अक्षरात लिहा. ४२ ला १, २५ ला २, ६० ला ३, ३३ ला ४, १८ ला ५, ५१ ला ६, ३९ ला ७, ४७ ला ८, ५५ ला ९. मग वरून खाली प्रत्येक फांदीवर हा अनुक्रमांक वाढतच गेला पाहिजे. ४२ पासून ३९ पर्यंत १, २, ४, ७ होतात, ५५ पर्यंत १, ३, ६, ९. कुठंही खालचा नोड वरच्याच्या आधीचा निघाला, तर आकृती चुकली. तळाची ओळ चढती आणि फांद्यांवरचे अनुक्रमांकही वाढते, या दोन्ही गोष्टी जुळल्या की दुसरा आकार शक्यच उरत नाही, कारण दिलेल्या आकड्यांचं आणि दिलेल्या क्रमाचं असं झाड एकच असतं.

तुमच्या चुकलेल्या आकृतीत हे अनुक्रमांक लिहिले तर ४७ च्या फांदीवर १, २, ४, ७, ८ येतात, म्हणजे ही दुसरी तपासणी ती पास करते. तिला पकडलं ते इनऑर्डरनेच, म्हणून वहीत दोन्ही तपासण्या करा.