एमएस्सीला यूकेला यायच्या आधी सीएस1 चा पेपर घरी सोडवून बघ

"दादा, मी लातूरला बीएस्सी मॅथ्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ॲक्चुअरियल सायन्सच्या एमएस्सीला यूकेला यायचंय, घरचे कर्ज काढायला तयार आहेत. डिग्री झाली की ॲक्चुअरी होता येतं का, लगेच येऊ का?"

नाही होत रे, ॲक्चुअरी म्हणजे विमा-पेन्शनची जोखीम गणिताने मोजणारा माणूस, तो नुसत्या डिग्रीने होत नाही, संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि हेच मला निघताना कुणी सांगितलं नव्हतं. एमएस्सी म्हणजे फक्त सुरुवातीच्या काही पेपरमधून सूट, तीही कोर्सला इकडच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्चुअरीज ह्या संस्थेची मान्यता असेल आणि ठरलेले मार्क पडले तर. पुढचे सीपी, एसपी, एसए ह्या वरच्या टप्प्यांचे पेपर नोकरी करत, रात्री बसून द्यावे लागतात, त्यात वर्षं जातात. म्हणून कर्ज काढायच्या आधी सीएस1 म्हणजे स्टॅटिस्टिक्सचा पेपर बघ, त्याचा दुसरा भाग कॉम्प्युटरवर आर ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत सोडवायचा असतो, बारावीचा लातूर पॅटर्न तिथं पुरत नाही.

पाठांतर का चालत नाही ते सीएम1 म्हणजे विम्याच्या गणिताच्या पेपरच्या पद्धतीच्या एका गणितावरून सांगतो. एका माणसाची दोन वर्षांची टर्म पॉलिसी, विमा 10 लाख, व्याज 6 टक्के, पैसे वर्षअखेरीला. पहिल्या वर्षी मरण्याची शक्यता 0.001, दुसऱ्या वर्षी, तोवर जगला असेल तर, 0.0012. पहिल्या वर्षाचं आजचं मूल्य 10 लाख गुणिले 0.001 भागिले 1.06, म्हणजे 943 रुपये 40 पैसे. दुसऱ्या वर्षाला आधी 0.999 ने गुणायचं, कारण पहिलं वर्ष तो जगला पाहिजे, मग 0.0012 ने, आणि भागाकार 1.06 च्या वर्गाने. ते येतं 1066 रुपये 93 पैसे. बेरीज साधारण 2010 रुपये. 0.999 विसरलास तर उत्तर जेमतेम एक रुपयाने वाढतं, म्हणजे उत्तराकडे बघून चूक कळत नाही, पायऱ्या मांडल्यास तरच कळते. आणि हीच चूक तीस वर्षांच्या पॉलिसीत, साठीच्या माणसाला, फार मोठी होते.

माझा पहिला पेपर ह्याच्यातच गेला. गणित येत होतं, पण मी नुसती उत्तरं लिहित होतो, गृहीतकं लिहितच नव्हतो, आणि वेळही पुरला नाही. नंतर घड्याळ लावून जुने पेपर सोडवले, रोज एक प्रश्न, मग जमलं.

तर असं कर, जुने पेपर आणि परीक्षकांचे रिपोर्ट इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टीच्या साइटवर फुकट आहेत, रिपोर्टमध्ये पोरं कुठं चुकतात ते लिहिलेलं असतं, तो आधी वाच. त्यांच्या परीक्षा एप्रिल आणि सप्टेंबरला असतात. भारतातल्या संस्थेतून करायचं असेल तर आधी एसीईटी ही प्रवेश परीक्षा लागते. एक पेपर पास होऊन इकडं आलास तर मुलाखतीत दाखवायला काहीतरी असतं, इकडं पोरं शेवटच्या वर्षापासूनच अर्ज टाकायलेत. आणि नापास झालास तर फीच जाईल रे, बापाच्या शेतावरचं कर्ज तरी होणार नाही. वरचं गणित तीन वर्षांसाठी करून बघ, तिसऱ्या वर्षाची शक्यता 0.0014 धर, आणि पायऱ्यांचा फोटो मला पाठव.