लेबलवरचं ए-आय चित्र नेमकं कुणाचं?

प्रश्न: माझा घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. पाकिटावरचं जात्यावर दळणाऱ्या आजीचं चित्र मी ए-आयवर बनवलं. आता दुसऱ्या एका मसालेवाल्याच्या पाकिटावर जवळपास तीच आजी दिसतेय. मी त्याला कॉपीराइटची नोटीस पाठवू का? आणि उद्या माझ्यावरच कुणी दावा केला तर?

ताई, नोटीस आत्ताच पाठवू नका. आधी त्याचं एक पाकीट विकत घ्या, बिल घ्या आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. गेली अठरा वर्षं मी लेबल आणि पाऊच छापून देतो. तुमच्यासारखी तक्रार अलीकडे वरचेवर येते, आणि निम्म्या वेळा समोरच्याने चोरी केलेलीच नसते.

कॉपीराइट मोडला असं म्हणायला नक्कल झालेली असावी लागते. दोघांनी स्वतंत्रपणे सारखंच काहीतरी बनवलं तर तो गुन्हा होत नाही. हाताने काढलेल्या चित्रांत असा योगायोग विरळा. ए-आय चित्रांत मात्र तो रोजचाच आहे, कारण ‘नऊवारी नेसलेली आजी, जातं, चुलीचा उजेड’ असं लिहिल्यावर तेच टूल दोघांनाही एकाच घराण्यातली आजी देतं. काही टूलच्या अटींतच लिहिलेलं असतं की दुसऱ्या कुणाला असंच चित्र मिळू शकतं. त्यात मिडजर्नीसारख्या टूलवर साध्या योजनेत बनवलेली चित्रं इतर सदस्यांना दिसतात, आणि त्यांवरून स्वतःची चित्रं बनवायला त्यांना मुभा असते. तुम्ही असं टूल वापरलं असेल तर समोरच्याने तुमचं पाकीट न बघताही तुमची आजी उचललेली असू शकते, आणि तेही टूलच्या नियमात राहून.

नक्कल आहे की जुळी भावंडं, हे ओळखायची सोपी रीत आहे. त्याच्या पाकिटाचा सरळ, सपाट फोटो काढा. चित्र जुळवायच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये तो तुमच्या मूळ फाइलवर ठेवा आणि वरचं चित्र निम्मं पारदर्शक करा. आता चेहरा आणि साडी बघू नका, चुका बघा. ए-आय चित्रात बऱ्याचदा कुठेतरी बोट जास्तीचं असतं, बांगडी मध्येच तुटते, जात्याचा खुंटा पाळीत न बसता हवेत राहतो, पदराची किनार मागे जाऊन भलतीकडून निघते. या चुका रेषेला रेष जुळल्या तर फाइल एकच आहे. आजी, जातं आणि हिरवी साडी जुळतेय पण बोटं, सुरकुत्या, केसांच्या बटा वेगळ्या आहेत, तर त्याने वेगळं चित्र बनवलंय. मग कॉपीराइटचा मुद्दा जवळपास संपतो, कारण ‘जात्यावरची आजी’ ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही.

समजा रेषेला रेष जुळली. तरीही एक अडचण उरतेच, ती म्हणजे चित्र तुमचं आहे हे दाखवायचं कसं? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 सालच्या दुरुस्तीने एक वाक्य आलं: संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारणीभूत ठरलेली व्यक्ती. वाचून वाटतं की संपलं, मीच कर्ती. पण तेव्हाचा संगणक म्हणजे माणसाच्या हातातलं अवजार होतं. दोन ओळींवरून पूर्ण चित्र रंगवणारं यंत्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलं की नुसती मेहनत पुरत नाही, कृतीत थोडीतरी सर्जकता लागते. दोन ओळी टाइप करण्यात ती किती, यावरच समोरचा वकील बोट ठेवणार. 2020 मध्ये ‘सूर्यास्त’ नावाच्या चित्राला आपल्या कॉपीराइट कार्यालयाने माणूस आणि ए-आय असे दोन कर्ते धरून नोंदणी दिली होती, आणि पुढे त्याच कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली. आपला मसाला कधी अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी पाठवायचा विचार असेल तर तिथली वाट आणखी अरुंद आहे. निव्वळ यंत्राने केलेल्या चित्राला तिथे कॉपीराइट नाही, माणसाने त्यात जी भर घातली तेवढीच धरली जाते.

म्हणून अशा चित्राच्या जोरावर कुणाला धमकीची नोटीस देऊ नये असं मी आग्रहाने सांगतो. कायद्याच्या 60 व्या कलमानुसार, निराधार धमकी दिली तर समोरचाच तुमच्यावर दावा लावून नुकसानभरपाई मागू शकतो.

आता खरा आधार कुठे आहे ते सांगतो. तो नावात आणि पाकिटाच्या एकूण रूपात आहे. गिऱ्हाईक दुकानात जाऊन अमक्याचा मसाला द्या असं म्हणतं. ते नाव, अक्षरांची घडण, रंगांची मांडणी आणि त्या सगळ्यासोबत चित्र, असं पूर्ण लेबल ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं. तिथे प्रश्न चित्र कुणी काढलं हा नसतो. गिऱ्हाईक फसतंय का हा असतो. मसाले ट्रेडमार्कच्या 30 व्या वर्गात येतात. tmrsearch.ipindia.gov.in वर आधी नाव शोधा, सारख्या उच्चाराची नावंही बघा. मग TM-A फॉर्म ऑनलाइन भरा. एकट्या व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला एका वर्गासाठी 4500 रुपये शासकीय फी आहे, बाकीच्यांना 9000. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर चित्राआधी नावाचा अर्ज करा, कारण लेबल बदलतं, नाव राहतं. मात्र नाव ‘घरगुती कांदा-लसूण मसाला’ असं नुसतं वर्णनाचं असेल तर ते एकट्याला मिळणार नाही. त्याला स्वतःचं काहीतरी नाव द्यावंच लागेल.

नोंदणी होईपर्यंत नावापुढे ™ लावा. ® मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच, आधी लावला तर कायद्याने दंड आहे. आणि पहिल्या विक्रीची बिलं, लेबलचा छपाईचा चलान, पाकिटाचा फोटो टाकलेली पहिली पोस्ट हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, आणि नोंदणी नसली तरी दुसऱ्याने आपल्या नावाखाली माल खपवल्याचा दावा याच कागदांवर उभा राहतो.

चित्र हातचं जाऊ नये असं वाटत असेल तर ते माणसाकडून काढून घ्या. माझ्या एका गिऱ्हाइकाचं सांगतो. लाकडी घाण्याचं तेल काढतात. त्यांनी फुकटच्या टूलवर घाण्याला जुंपलेल्या बैलाचं चित्र बनवलं आणि पाऊचसाठी थेट सिलिंडर करायला दिले. रोटोग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्यामुळे एकदा कोरल्यावर चित्र बदलणं म्हणजे तो सगळा खर्च पुन्हा. सहा महिन्यांत दुसऱ्या एका तेलाच्या बाटलीवर तसाच बैल आला. दोन्ही चित्रं मी एकावर एक ठेवून पाहिली, जुळली नाहीत. म्हणजे करण्यासारखं काही नव्हतं. वर त्यांच्या चित्रात जू बैलाच्या मानेवर होतं पण घाण्याला कुठेच जोडलेलं नव्हतं, आणि ज्यांनी घाणा पाहिलाय अशी गिऱ्हाइकं ते दाखवून देत होती.

मग आम्ही उलटं गेलो. त्यांनी आपल्याच आवारातल्या घाण्याचे आणि बैलाचे फोटो काढले. इथल्याच एका चित्रकाराने त्या फोटोंवरून शाईत चित्र काढलं. ए-आयचं चित्र त्याच्यासमोर ठेवलंच नाही. तसं मुद्दाम केलं, कारण यंत्राच्या चित्रावर रेघ गिरवली असती तर हक्क फक्त भर घातलेल्या भागापुरता सांगता आला असता. पैसे देताना एका पानाचा करार केला. हा कागद लोक विसरतात. बाहेरच्या चित्रकाराला पैसे दिले म्हणजे लेबलच्या चित्राचा कॉपीराइट आपोआप आपला झाला असं धरून चालू नका. तो लेखी, सही करून हस्तांतरित करून घ्या, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्याच कागदावर ‘हे काम मी स्वतः हाताने केले असून ए-आय टूल वापरलेले नाही’ असंही एक वाक्य घ्या, कारण हल्ली काही जण चित्र टूलवर काढून स्वतःचं म्हणून देतात. चित्रकाराचे पैसे सिलिंडरच्या नव्या संचापेक्षा बरेच कमी झाले.

असं लेबल कॉपीराइट म्हणून नोंदवायचं असेल तर मालावर वापरायच्या चित्रासाठी आधी ट्रेडमार्क कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं, की असा ट्रेडमार्क दुसऱ्या कुणाचा नाही. आणि अर्जात कर्त्याचं नाव खरंच लिहा. ए-आयचं चित्र हाताने काढलं म्हणून दाखवणं म्हणजे कॉपीराइटच्या नोंदवहीत खोटी नोंद करवणं, आणि त्याला शिक्षा आहे.

तुमच्यावर कुणी दावा करेल का, या भीतीचं उत्तर तुम्ही टूलला काय दिलं होतं यावर आहे. स्वतःचे शब्द लिहिले असतील तर धोका कमी. पण नमुना म्हणून दुसऱ्या मसाल्याचं पाकीट किंवा कुणाचा फोटो चढवला असेल, तर जवळचं चित्र यायला टूलचा हातभार लागला इतकंच, नक्कल तुमचीच धरली जाईल. चेहऱ्याचंही बघा. एखाद्या जुन्या अभिनेत्रीशी आजी मिळतीजुळती असेल तर तो कॉपीराइटपेक्षा वेगळा आणि जास्त कडक प्रश्न होतो. आशा भोसले यांच्या आवाजाच्या आणि छबीच्या ए-आय वापराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये त्यांना संरक्षण दिलं आहे. तुमचं चित्र गुगल लेन्सवर टाकून बघा, कुणाचा चेहरा किंवा कुणाचं लेबल वर येतंय का ते कळेल. टूलच्या खात्यात जाऊन चित्र बनवल्याची तारीख, लिहिलेला मजकूर आणि तेव्हाची योजना फुकट होती की पैसे भरलेली, याचे स्क्रीनशॉट घ्या. काही टूल फुकट योजनेत धंद्यासाठी वापरायला मनाई करतात, म्हणून त्या अटींचं पानही पीडीएफ करून ठेवा, अटी बदलतात.

तर पाकीट आणून चित्रं एकावर एक ठेवा. चुका जुळल्या, आणि नाव, रंग किंवा मांडणीही तुमच्यासारखी असेल, तर बिलांची फाइल घेऊन ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा आणि नोटीस गिऱ्हाइकाच्या दिशाभुलीवर लिहायला सांगा. फक्त आजीच सारखी असेल तर त्या मसालेवाल्याला फोन करा, आणि पुढच्या छपाईआधी तुमच्याच घरातल्या जात्याचा फोटो एखाद्या चित्रकाराला द्या.