सहसंबंध शून्य आला, पण आकृतीत तर डोंगर दिसतो: चूक कुठे आहे?

प्रश्न: सर, प्रकल्पासाठी मी घराजवळच्या रसवंतीवर एप्रिल-मेमधल्या सात दिवसांचे कमाल तापमान आणि दुपारी १२ ते ४ या वेळात विकलेले उसाच्या रसाचे पेले अशा जोड्या घेतल्या: (३४, ५०), (३६, ७२), (३८, ९०), (४०, १००), (४२, ९६), (४४, ७२), (४६, ४५). Σxy = २१००० धरून छोट्या सूत्राने सहसंबंध गुणांक r नेमका ० आला, मैत्रिणीला मात्र −०.०३ मिळाला. विकिरण आकृतीत संबंध स्पष्ट दिसतो. मग आमचे गणित चुकले की आकृती?

उत्तर: मैत्रिणीचे गणित बरोबर आहे, तुमचे किंचित चुकले आहे आणि आकृती मुळीच चुकलेली नाही.

आधी चूक पाहू. तुमच्या जोड्यांचे गुणाकार मी पुन्हा केले, तेव्हा Σxy २०९८२ आली. फरक नेमका १८ चा आहे, आणि दोन शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली की फरकाला ९ ने भाग जातो, हे जमाखर्च लिहिणाऱ्या जुन्या माणसांना ठाऊक असते. ४४ × ७२ = ३१६८ च्या जागी तुमच्या वहीत बहुधा ३१८६ उतरले असावे; ती ओळ एकदा तपासा. छोट्या सूत्राचा अंश nΣxy − ΣxΣy असा असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत १४६८७४ − १४७०००. दोन अवाढव्य आणि जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीतून −१२६ एवढेच हाती उरते, त्यामुळे एका गुणाकारातली अंकांची उलटापालट सगळे उत्तर गिळून टाकते. कॅल्क्युलेटरवर हे सूत्र झटपट होते हे खरे, पण वहीवर हाताने करताना मी ते टाळतो.

त्याऐवजी विचलनांची पद्धत घ्या. x ची सरासरी २८० ÷ ७ = ४० आणि y ची ५२५ ÷ ७ = ७५. प्रत्येक संख्येतून तिची सरासरी वजा करून dx आणि dy लिहायचे:

| dx | dy | dx·dy |
|---|---|---|
| −६ | −२५ | १५० |
| −४ | −३ | १२ |
| −२ | १५ | −३० |
| ० | २५ | ० |
| २ | २१ | ४२ |
| ४ | −३ | −१२ |
| ६ | −३० | −१८० |

पुढे जाण्याआधी dx आणि dy या दोन्ही रकान्यांची बेरीज शून्य येते का ते पाहा. येत नसेल तर सरासरी किंवा एखादी वजाबाकी चुकली आहे, आणि ती चूक इथेच सापडते. छोट्या सूत्रात ही सोय नाही. सरासरी अपूर्णांकात आली आणि तुम्ही ती कापून लिहिली, तर बेरीज अगदी शून्य न येता थोडी इकडेतिकडे होईल, तेवढे चालते. आता Σdx·dy = −१८, Σdx² = ११२ आणि Σdy² = २८३४.

```
r = Σdx·dy / √(Σdx² · Σdy²)
  = −18 / √(112 × 2834)
  = −18 / 563.4 ≈ −0.03
```

इथे n ने भागायचे की n − १ ने, हा प्रश्नच उरत नाही, कारण तो भाजक वर आणि खाली सारखाच असल्याने निघून जातो. विद्यार्थी गोंधळतात ते वर n − १ आणि प्रमाण विचलनात n वापरल्यामुळे. अशा वेळी उत्तर n/(n − १) पट फुगते आणि कधीकधी १ च्याही पुढे जाते. r हा −१ ते १ च्या बाहेर गेला, तर विचार न करता वही मागे उलटावी.

आता तुमचा खरा प्रश्न. आकृतीवर x = ४० ची उभी आणि y = ७५ ची आडवी रेघ ओढा. डावीकडच्या खालच्या चौकोनातले आणि उजवीकडच्या वरच्या चौकोनातले बिंदू गुणाकाराला धन चिन्ह देतात, उरलेल्या दोन चौकोनांतले ऋण. तुमच्या डोंगराचा डावा पायथा (३४, ५०) एकटा +१५० देतो आणि उजवा पायथा (४६, ४५) −१८०. शिखराचा बिंदू तर उभ्या रेघेवरच आहे, म्हणून तो काहीच देत नाही. थोडक्यात, चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. r फक्त एवढेच विचारतो की बिंदू एका सरळ, तिरप्या रेघेच्या किती जवळ आहेत. वळलेल्या संबंधाबद्दल तो बोलतच नाही, त्यामुळे शून्याचा अर्थ ‘संबंध नाही’ असा घेता येत नाही.

हे पडताळून पाहायचे तर आकडे शिखरापाशी तोडा. ३४ ते ४० अंशांच्या चार दिवसांचा r साधारण ०.९९ येतो आणि ४० ते ४६ च्या चार दिवसांचा −०.९६. ऊन वाढेल तशी तहान वाढते, पण नवतपासारखे ऊन झाले की दुपारी गिऱ्हाईक घराबाहेरच पडत नाही, हे आपल्या नागपूरकरांना सूत्राशिवायही समजते. दुसरा मार्ग असा की x च्या जागी (x − ४०)² घ्या, म्हणजे ३६, १६, ४, ०, ४, १६, ३६, आणि त्याचा y शी r काढा, तो −०.९९ येतो. सूत्र तेच, फक्त त्याला योग्य वस्तू मोजायला दिली. मात्र ४० हा मध्य आपण आकृती पाहिल्यावर निवडला आहे आणि दिवस सातच आहेत, म्हणून प्रकल्पात या −०.९९ चा पुरावा म्हणून गाजावाजा करू नका. गुणानुक्रमांचा सहसंबंध वापरून पाहावा असे कुणी सुचवील, पण त्यालाही एकाच दिशेने चढणारा किंवा उतरणारा संबंध लागतो. तुमच्या आकड्यांवर तो −०.०७ एवढाच येतो.

उलट फसवणूकही होते. (१, १), (१, ३), (३, १), (३, ३) हे चौकोनाचे चार कोपरे घ्या: r शून्य. त्यात (१२, १२) हा एकच लांबचा बिंदू टाका. आता दोन्ही सरासऱ्या ४ होतात, Σdx·dy = ८० आणि Σdx² = Σdy² = ८४, म्हणून r = ८०/८४, म्हणजे ०.९५. त्या ८० पैकी ६४ एकट्या नव्या बिंदूचे आहेत. dx·dy चा रकाना हाताने भरण्याचा मला वाटणारा मोठा फायदा हाच: एखादा गुणाकार बाकीच्यांना झाकून टाकत असेल तर तो नजरेत भरतो. तयार उत्तर देणाऱ्या कॅल्क्युलेटरवर हे कळत नाही. असा बिंदू दिसला की आधी नोंद तपासावी, आणि नोंद खरी असेल तर तो धरून आणि वगळून असे दोन्ही r लिहावेत.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा जोड्यांचे चार संच छापले होते. चारही संचांचा r जवळपास ०.८२, पण आकृत्या पाहिल्या तर एक साधा तिरपा विखुरलेला पट्टा, दुसरा वक्र, तिसऱ्यात सरळ रेघ आणि तिच्यापासून सुटलेला एक बिंदू, तर चौथ्यात उभ्या रांगेत उभे असलेले दहा बिंदू आणि दूर एकटा अकरावा. हे चार आलेख आलेखकागदावर स्वतः काढून पाहा, तासाभराचे काम आहे.

प्रकल्पात r = −०.०३ असाच लिहा, त्याच पानावर विकिरण आकृती चिकटवा आणि खाली दोन्ही अर्ध्यांचे r द्या.